पातळ आधी, घट्ट शेवटी

नारळाच्या दुधातलं सालन जेव्हा फाटतं, तेव्हा ते चुलीवरच फाटतं आणि बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. तोवर सगळं छान चाललेलं असतं. मसाला परतून झालेला असतो, मासळी शिजत आलेली असते, घरभर वास सुटलेला असतो. मग पांढरं घट्ट दूध टोपात पडतं, गॅस मोठाच राहतो आणि बघता बघता रश्श्यावर बारीक पांढरे कण तरंगू लागतात. कणांच्या मधून स्वच्छ, पाण्यासारखा रस्सा दिसतो आणि त्यावर तेलाचे डोळे. खायला ते वाईट नसतं. कुणाचं पोट बिघडत नाही. पण जिभेवर तो मऊ, भरलेला रस्सा उरत नाही. आधी पाणी लागतं, मागून तेल लागतं.

आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरात नारळाचं दूध सालनात असतं, सांदणात असतं, खिरीत असतं, दालीतही असतं. दूध काढणं हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. मुली बघत बघत मोठ्या होतात आणि एक दिवस पंचा त्यांच्या हातात येतो. मलाही असंच आलं. या सगळ्याचा शब्दांत विचार करायची वेळ माझ्यावर आली ती अम्मीच्या डोळ्यांमुळे. काचबिंदूने तिची नजर कडेकडून आत अशी आटत गेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता तिला दारात माणूस उभा आहे हे कळतं, पण टोपात रंग कुठला आहे ते कळत नाही. आणि तिचं सगळं स्वयंपाकघर तर नजरेवर चालत होतं. वाटी नाही, काटा नाही, घड्याळ नाही. ‘एवढं पांढरं झालं की बस’ हेच माप.

हल्ली ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसते आणि मला विचारते, ‘‘काय दिसतंय, सांग.’’ पहिल्यांदा मी म्हटलं, ‘‘उकळतंय.’’ ती वैतागली. ‘‘कुठून उकळतंय? मधून की कडेने?’’ वीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठीचे समानार्थी शब्द शिकवणाऱ्या मला त्या टोपात काय दिसतंय हे सांगायला शब्द शोधावे लागले. तिच्या प्रश्नांना उत्तरं देताना मी काटा आणला, मापाचा पेला आणला आणि तिच्या ‘एवढं’ला आकडे लावायला बसले. खाली लिहिते आहे ते त्यातूनच आलेलं आहे. तिची नजर ज्या गोष्टी पाहत होती त्या निदान वहीत तरी राहाव्यात, एवढा माझा स्वार्थ.

सुरुवात नारळापासून. दुधाला पिकलेला, सालं सुकलेला नारळ हवा. कानाशी धरून हलवला की आत पाणी खळखळलं पाहिजे. पाणी वाजत नसेल तर एक तर ते आटलंय किंवा कवटीला बारीक चीर गेली आहे आणि खोबरं खवट निघण्याचा संभव आहे. डोळे कोरडे असावेत, ओलसर किंवा बुरशी धरलेले नसावेत. फोडल्यावर खोबऱ्याचा एक तुकडा चावून बघायचाच. खवट नारळाचं दूध उकळलं तरी खवटच राहतं आणि अर्धा किलो सुरमई त्याच्यात वाया जाते. कोवळा नारळही नको. त्याचं खोबरं मऊ, गोड असतं, पण त्यात स्निग्धपणा भरलेला नसतो. दूध निळसर पातळ येतं.

खवणीवर खोवताना पांढरं तेवढंच घ्यायचं. खालची तपकिरी पाठ दिसू लागली की हात थांबवायचा. ती पाठ खोवली गेली तर दूध मळकट दिसतं आणि किंचित कडसर लागतं. आमच्या बाजारात मिळतो तशा मध्यम नारळाचा चव माझ्या काट्यावर २५० ग्रॅमच्या आसपास भरतो. नारळाचे आजचे भाव बघता तो शेवटचा कण काढावासा वाटतो हे खरं, पण त्या शेवटच्या कणाने सगळ्या दुधाचा रंग जातो.

आता पाणी. पाणी कोमट हवं. अम्मीचं माप असं, की बोट बुडवून ठेवता आलं पाहिजे, चटका बसून काढून घ्यावं लागता कामा नये. याचं कारण साधं आहे. नारळाचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल घट्ट होतं ते आपण सगळे बघतो. फ्रिजमधला चव काढून तसाच थंड पाण्यात वाटला तर त्यातली चरबी गोठलेलीच राहते, चोथ्याला चिकटून बसते आणि आपल्या हाती पांढरं पाणी येतं. म्हणून फ्रिजमधला चव आधी बाहेर ठेवून निवू द्यायचा आणि मग कोमट पाणी घालायचं. उलट पाणी उकळतं घेतलं तर हात घालता येत नाही, पिळायला थांबावं लागतं आणि दुधातले नाजूक भाग तिथेच शिजू लागतात.

२५० ग्रॅम चवाला पहिल्या खेपेला मी १५० मिलिलिटर पाणी घेते, म्हणजे पाऊण वाटी. दहा मिनिटं चव त्यात भिजत ठेवायचा आणि मग मिक्सरमध्ये घालायचा. पण मिक्सर सलग फिरवायचा नाही. वीस-पंचवीस सेकंद फिरवायचा, थांबायचं, कडेचं खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचा. असं तीनदा. एवढ्या कमी पाण्यात जास्त वेळ फिरवलं तर भांडं तापतं, दूध तेलकट होऊन गोळे धरतं आणि पंच्यातून दुधाऐवजी तूप निघाल्यासारखं वाटतं. पाट्यावर हा प्रश्न नव्हता. वरवंटा चव नुसता चिरडायचा, तापवायचा नाही. पण पाटा आता आमच्याकडेही अंगणात उलटा पडलेला आहे आणि तो परत आत आणा असं मी कुणाला सांगणार नाही.

गाळायला मी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा वापरते. धुऊन धुऊन तिचा खळ गेलेला असतो आणि ती पाणी पटकन सोडते. तो तुकडा दुसऱ्या कशाला वापरायचा नाही आणि धुताना वासाचा साबण लावायचा नाही, कारण नारळाचं दूध वास ओढून घेतं. चव मध्ये घालून चारी टोकं एकत्र धरायची आणि पिळायचं. नुसतं मुठीत दाबून निघतं ते अर्धंच. बोचकं फिरवत फिरवत, दोरी वळावी तसं घट्ट वळत न्यायचं. एवढ्यातून मला २०० मिलिलिटरच्या आसपास दूध मिळतं, म्हणजे घातलं त्या पाण्यापेक्षा जास्त. ती जास्तीची भर खोबऱ्याची स्वतःची. हे घट्ट दूध. चमचा बुडवून उचलला तर त्याच्या पाठीवर पांढरा थर राहिला पाहिजे आणि त्यातून बोट ओढलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे. हे दूध झाकून बाजूला ठेवायचं आणि शेवटपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

मग तोच चोथा पुन्हा भांड्यात, त्यात ३०० मिलिलिटर कोमट पाणी, पुन्हा एकदा मिक्सर, पुन्हा पिळणं. हे पातळ दूध. ते चमच्यावर थांबत नाही, ओघळून जातं, पण पांढरं असतं. नुसतं पाणी नव्हे. तिसऱ्यांदाही थोडंसं निघतं. ते मी सालनात घालत नाही, भात शिजवायच्या पाण्यात घालते. काही घरांत पहिलं-दुसरं एकत्र करून टाकतात. घाई असेल तर ठीक आहे. पण मग चुलीवर जे करायचं असतं ते करता येत नाही, कारण दोन दुधांची कामंच वेगळी आहेत.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब. ते एकमेकांना चिकटून तेल होऊ नयेत म्हणून प्रत्येक थेंबाभोवती खोबऱ्यातल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो. अंड्याचा पांढरा भाग तापवल्यावर जसा आवळून घट्ट होतो, तशीच ही प्रथिनंही साधारण ८० अंशांच्या पुढे आवळू लागतात. पापुद्रा आवळला की थेंब मोकळे होतात, एकमेकांत मिसळतात आणि वर तेल येतं. आवळलेली प्रथिनं म्हणजे ते पांढरे कण. आंबटामुळेही हेच होतं आणि आंबट अधिक उकळी अशी जोडी जमली तर फार लवकर होतं. याची परीक्षा आपल्या घरातच आहे. सोलकढीत कोकम आणि नारळाचं दूध एकत्र असतं, तरी ती गुलाबी आणि एकजीव दिसते, कारण तिला विस्तव दाखवत नाहीत. तीच सोलकढी उरली म्हणून गरम करून बघा. वाटीभर कण आणि पाणी हाती येईल.

पातळ दुधात चरबी कमी, प्रथिनं कमी. ते उकळलं, त्यात आंबट पडलं, तर तेही फाटतं, पण फाटायला त्यात आहेच किती? जे कण होतात ते वाटलेल्या मसाल्यात मिसळून जातात, दिसत नाहीत, जिभेला लागत नाहीत. म्हणून मसाला शिजवणं, मीठ-आंबट मुरवणं, मासळी शिजवणं ही सगळी उकळीची कामं पातळ दुधाने करायची. घट्ट दुधाचं काम शिजवण्याचं नाही. त्याने रश्श्याला अंग द्यायचं आणि ताज्या नारळाचा वास द्यायचा. तो वास उकळीत उडून जातो, म्हणूनही ते शेवटी.

सुरमईच्या सालनावर हे नीट दिसतं. अर्धा किलो सुरमईच्या सहा तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवायची. सहा-सात सुक्या लाल मिरच्या, दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरं, सात-आठ पाकळ्या लसूण आणि थोडी हळद पाण्यात अगदी गंधासारखं वाटायचं. पसरट टोपात तेल, त्यात एक कांदा बारीक चिरून, कढीपत्ता, मग वाटण. वाटण परतत राहायचं ते त्याचा कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटेपर्यंत.

इथे शब्दांचा एक घोळ आहे, तो मला फार दिवसांनी उलगडला. मसाल्याचं ‘तेल सुटणं’ हे चांगलं आणि सालनावर ‘तेल सुटणं’ हे वाईट, असं एकाच तोंडाने आपण बोलतो. नव्या मुलीने यातून काय समजायचं? म्हणून मी आता वेगळे शब्द वापरते. मसाल्याचं तेल सुटतं. दूध फाटतं. उर्दूतही दूध ‘फटतं’च. आणि थंड झाल्यावर सालनावर जो पांढरा पातळ पडदा येतो, तो साय धरणं. पहिलं हवंच, दुसरं नको, तिसऱ्याची काळजी करू नये.

मसाल्याचं तेल सुटलं की पातळ दूध सगळं घालायचं, मीठ घालायचं आणि मोठ्या आचेवर उकळू द्यायचं. सात-आठ मिनिटं, निर्धास्त. मग पाच-सहा कोकमं. उन्हाळ्यात मी कैरीच्या फोडी घालते, पण त्या आंबट किती आहेत ते चाखून. आंबट इथेच पडायला हवं, घट्ट दुधाच्या आधी, आणि पडल्यावर दोन-तीन मिनिटं उकळलं पाहिजे. वरून शेवटी लिंबू पिळायची सवय काही घरांत आहे. नारळाच्या दुधातल्या सालनात ती मोडावी. लिंबू ज्याला हवं त्याने आपल्या ताटात पिळावं.

आता सुरमईचे तुकडे एका थरात सोडायचे आणि आच मध्यम करायची. तुकडे फार जाड नसतील तर सहा-सात मिनिटांत शिजतात. या वेळी चाखून मीठ-आंबट पक्कं करून घ्यायचं आणि कोकमं जास्त बोलायला लागली असतील तर दोन काढून टाकायची. घट्ट दूध पडल्यानंतर सुधारायला जागा नसते.

यापुढचे प्रश्न अम्मीचे. ‘‘आच किती?’’ सगळ्यात बारीक. ‘‘मधून बुडबुडे येतात?’’ आता नाही. ‘‘कडेने?’’ एखादा. ‘‘मग घाल.’’ हे सांगायला तिला दिसावं लागत नाही. रश्श्याचा आवाज बसला की तिला कळतं. उकळताना टोप बोलत असतो, आच उतरली की तो कुजबुजतो. मला मात्र अजून आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. मी कडा बघते.

घट्ट दूध अर्धा तास बाजूला होतं, तेवढ्यात त्याच्या वर जाड थर येऊन खाली पाणी राहिलेलं असतं. म्हणून आधी ते ढवळून एकजीव करायचं. मग टोपातला पळीभर गरम रस्सा त्यात घालून हलवायचं, म्हणजे दूध एकदम तापत नाही. त्यानंतर ते धारेने टोपात सोडायचं. पळी फिरवायची नाही, सुरमई मोडते. टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल हलवायचा. झाकण ठेवायचं नाही, कारण झाकलं की दोन मिनिटांत आतून उकळी धरते आणि आपल्याला दिसत नाही. रंग लालवरून केशरी होतो. रस्सा पळीला धरू लागतो. कडेने दुसरा-तिसरा बुडबुडा उठला की गॅस बंद. घट्ट दूध पडल्यापासून हे सगळं तीन मिनिटांचं काम आहे. मातीचं भांडं असेल तर त्याहून आधी बंद करायचं, कारण माती उष्णता धरून ठेवते आणि गॅस बंद झाल्यावरही सालन उकळत राहतं.

आणि फाटलंच तर? लगेच गॅस बंद करून मासळी अलगद बाजूला काढावी. थोडं घट्ट दूध राखलेलं असेल तर त्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून, निवलेल्या रश्श्यात मिसळून, सगळं मिक्सरमधून एकदा काढावं आणि नुसतं वाफ येईपर्यंत गरम करावं. दिसायला बरं होतं, एकजीवही लागतं. पण ताज्या नारळाचा वास परत येत नाही. अम्मी अशा सालनाला ‘ठिगळाचं’ म्हणते.

माझी भाची दोह्यात असते. तिच्याकडे नारळ मिळतो, वेळ मिळत नाही. ती डब्यातलं दूध वापरते आणि तिचं सालन उकळलं तरी फाटत नाही, म्हणून ती मला हसते. तिचं बरोबर आहे. बऱ्याच डब्यांत दूध एकजीव राहावं म्हणून डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात, ते उकळी सोसतात. पावडरीत बहुधा गाईच्या दुधाचं प्रथिन असतं, तेही तेच काम करतं. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी पावडरीच्या पाकिटावर तेवढं वाचून घ्यावं. डब्यातलं एकच दूध असेल तर त्याची दोन करता येतात. अर्धा डबा दुप्पट पाण्यात मिसळला की झालं पातळ, उरलेलं तसंच घट्ट. क्रम तोच ठेवावा. आमच्या कोकणातल्या उन्हात घरी काढलेलं दूध मात्र सकाळचं संध्याकाळी वापरू नये. काही तासांत ते आंबूस होतं आणि आंबूस दूध आचेवर पडताच फाटतं. लागेल तेव्हा काढावं, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये ठेवावं.

दुसऱ्या दिवशीचं सालन जास्त चांगलं लागतं, हे आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. पण ते गरम करताना तीच काळजी. सगळं सालन एकदम चुलीवर चढवायचं नाही. लागेल तेवढंच छोट्या टोपात काढायचं, बारीक आचेवर ठेवायचं आणि वाफ दिसली की उतरवायचं. सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर अम्मीला वाटीत देते तेव्हा ती आधी बोट बुडवून अंगठ्यावर चोळून बघते, कण लागतो का.